रेट शीटमधे एक कॉलम वाढला नी बिलं जुन्या रेटनी गेली: चूक व्हीलुकअपची का माणसाची?

सियागंजवाला
व्हीलुकअप चुकत नाही, मधे कॉलम घुसवणारा चुकतो. पंधरा वर्षं चालवतोय, एकदाही गडबड नाही. रेट शीटला कोणी हात लावायचा नाही एवढी शिस्त ऑफिसात ठेवा, नवीन फॉर्म्युले शिकायची गरजच पडत नाही.

राजेंद्रनगरची अकाउंटंट
काका, सकाळपासून तीनदा लिहून पुसलं, पण आता लिहितेच, कारण शिस्तीच्याच भरवशावर आमच्याकडे जे झालं ते मी स्वतः निस्तरलंय. आमचं नमकीनचं होलसेल. रेट शीटमधे ए ला कोड, बी ला माल, सी ला एचएसएन, डी ला होलसेल रेट, ई ला एमआरपी. बिलात हा फॉर्म्युला, वर्षानुवर्षं:

```
=VLOOKUP(A2,Rate!$A:$E,4,0)
```

दिवाळीच्या आधी रेट बदलले, तेव्हा मालकांच्या मुलानं सी नी डी च्या मधे "जुना रेट" असा कॉलम घातला, म्हणजे जुना-नवा शेजारी शेजारी दिसावा. त्याचं काय चुकलं सांगा? चांगल्याच हेतूनं घातला. एक्सेलनं रेंज आपोआप $A:$F करून घेतली, पण तो जो 4 आहे तो साधा आकडा आहे, तो जागचा हलला नाही. आता चौथा कॉलम म्हणजे जुना रेट! एरर नाही, लाल खूण नाही, काही नाही. रतलामी सेवचं एक किलोचं पाकीट २२६ नी जायला हवं होतं ते २१२ नी गेलं. पंचेचाळीस पाकिटांवर ६३० रुपये, एका बिलातल्या एका ओळीत.

नी कळलं कधी, तर चार दिवसांनी. कमी रेट लागला की पार्टी कशाला फोन करेल? एक बिल कॉम्प्युटर बंद होता म्हणून हातानी केलं होतं, त्यात बरोबर २२६ लागले, त्या उज्जैनच्या पार्टीनं फोन केला की माझ्या भावाला २१२ नी मला जास्त का. तेव्हा उघडलं शीट. मधल्या चार दिवसांची एकूण एक बिलं तपासायला मी नी अजून एक मुलगी रात्री साडेदहापर्यंत बसलो होतो. माणूस चुकतो हे मान्यच आहे, पण चुकल्यावर बोंब न मारणारा फॉर्म्युला पैशाच्या जागी ठेवायचा नसतो, एवढंच म्हणणंय माझं.

सियागंजवाला
म्हणजे मुलगाच चुकला ना? शेवटी जोडायचा कॉलम. सप्टेंबर २०२५ मधे नमकीनचा जीएसटी १२ वरून ५ झाला तेव्हा मी पण नवीन टक्क्याचा कॉलम जोडला, पण एकदम उजवीकडे, नी फॉर्म्युल्यात 5 चा 6 केला, रेंज वाढवली. पाच मिनिटांचं काम.

ग्वाल्हेरचा मास्तर
माझ्याकडे पण व्हीलुकअपनी असाच छळ मांडलाय. निकालाच्या शीटमधे रोल नंबर टाकला की काही मुलांचं #N/A येतं, काहींचं बरोबर येतं. कॉलम तर कोणीच घातला नाही. नंबर डोळ्यांना अगदी सारखा दिसतो हो.

राजेंद्रनगरची अकाउंटंट
मास्तर, तुमचा रोग वेगळा आहे. तुमच्या एका शीटमधे रोल नंबर आकडा म्हणून आहे नी दुसऱ्यात टेक्स्ट म्हणून, नाहीतर मागे स्पेस अडकलीये. सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतो का बघा. पण तुम्हाला #N/A तरी दिसतंय. मी बोलतेय ते न दिसणाऱ्या चुकीबद्दल.

विजयनगर एमआयएस
२०१९ मधे XLOOKUP जाहीर झालं नी लोक अजून 4 का 5 मोजत बसलेत, खरंच वाईट वाटतं. सरळ हे लावा:

```
=XLOOKUP(A2,Rate!$A:$A,Rate!$D:$D)
```

कॉलम मोजायचाच नाही, कॉलमकडेच बोट दाखवायचं. मधे कोणी काही घुसवलं तर डी चा ई आपोआप होतो. वर कोड कॉलम डावीकडेच हवा ही कटकटही गेली. विषय संपला, कधीच तुटत नाही.

राजेंद्रनगरची अकाउंटंट
भाऊ, आमच्या बिलिंगच्या दोन मशीनवर एक्सेल २०१६ आहे. २०२१ किंवा ३६५ नसेल तर तुमचं XLOOKUP तिथे `_xlfn.XLOOKUP` दिसतं, आधीचा आकडा तसाच बसून राहतो नी सेलला हात लावला की #NAME?. मी करून बघितलंय. म्हणून आम्ही हे घेतलं, सगळ्या व्हर्जनवर चालतं:

```
=INDEX(Rate!$D:$D,MATCH(A2,Rate!$A:$A,0))
```

विजयनगर एमआयएस
मग मालकांना सांगा नवीन एक्सेल घ्यायला. चार दिवसांच्या घाट्यात आलं असतं.

बडोदेकर
इंदूरकरांनो, "कधीच तुटत नाही" हे वाक्य मागे घ्या आधी. रेट शीट त्याच फाइलमधे असेल तर दोन्ही फॉर्म्युले बरोबर, वाद नाही. पण निम्म्या ऑफिसांत रेटची फाइल वेगळी असते, ती दुसरा माणूस सांभाळतो. त्यानं त्याच्या मशीनवर Rate.xlsx उघडली, कॉलम घातला, सेव्ह केली, त्या वेळेला तुमची बिलाची फाइल बंद होती. तुमच्या फॉर्म्युल्याला कळणार कसं? बंद फाइलमधला $D:$D तसाच $D:$D राहतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही बिल उघडता, लिंक अपडेट म्हणता, नी XLOOKUP असो का INDEX, जुनाच रेट आणतो, तेही एरर न देता.

विजयनगर एमआयएस
असं होत नाही. मी रोज लिंक केलेल्या फाइली वापरतो, बरोबर बदलतो रेफरन्स.

बडोदेकर
दोन्ही फाइली एकाच वेळी उघड्या असतात तुमच्या, म्हणून बदलतो. आमच्याकडे एका कारखान्याच्या स्टोअरमधे याच पायी महिनाभर रीऑर्डर लेव्हलच्या जागी मिनिमम स्टॉक येत होता, नी बेअरिंग संपल्यावर मशीन उभी राहिली तेव्हा शिव्या मी खाल्ल्या. वाद घालायच्या आधी करून बघा. दोन मिनिटं लागतात.

विजयनगर एमआयएस
आवाज चढवायची गरज नाही. दहा वर्षं हेच करतोय मी, शिकाऊ समजू नका.

बडोदेकर
दहा वर्षं असोत का वीस, बिलाची फाइल बंद करा, रेटच्या फाइलमधे कॉलम घाला, सेव्ह, बंद, मग बिल उघडा. नी इथे येऊन लिहा काय झालं ते.

राजेंद्रनगरची अकाउंटंट
भांडू नका हो. बडोदेकर, मग बंद फाइलवर तुम्ही काय लावता ते सांगा ना. आमची पण गोदामाची फाइल वेगळीच आहे, नी हे वाचून आता मला झोप यायची नाही.

बडोदेकर
ताई, कॉलमची जागा आकड्यानं पण सांगायची नाही नी अक्षरानं पण नाही, हेडिंगच्या नावानं शोधायची. तुमच्याच जुन्या व्हीलुकअपमधे 4 च्या जागी MATCH बसवा:

```
=VLOOKUP(A2,[Rate.xlsx]Rate!$A:$K,
 MATCH("होलसेल रेट",[Rate.xlsx]Rate!$A$1:$K$1,0),0)
```

फाइल बंद असली की एक्सेल पूर्ण पाथ दाखवेल, त्याला घाबरू नका. रेंज मुद्दाम के पर्यंत लांब ठेवली आहे, कारण बंद फाइलसाठी ती आपोआप वाढत नाही. होलसेल रेट डी मधे असो का जी मधे, पहिल्या ओळीत नाव सापडलं की तोच कॉलम येतो. कोणी हेडिंग बदलून "होलसेल दर" केलं तर #N/A येईल, नी ते येऊ द्या, तेच पाहिजे आपल्याला. एक मात्र सांभाळायचं, एकाच नावाची दोन हेडिंगं नकोत. तुमच्या मालकांच्या मुलानं नवीन कॉलमला पण "होलसेल रेट" नाव दिलं असतं तर MATCH नी डावीकडचा पहिला उचलला असता, म्हणजे पुन्हा जुनाच.

नी एक हात जोडून विनंती, सगळ्यांनाच. या सगळ्यावर बाहेरून IFERROR(...,0) गुंडाळू नका. शीट सुंदर दिसावं म्हणून लोक गुंडाळतात नी मग #N/A काय, #REF! काय, सगळं शून्य होऊन जातं. माझ्या त्या स्टोअरच्या शीटमधे कोणीतरी एक कॉलम डिलीट केला, रेंजमधे पाचच कॉलम उरले नी फॉर्म्युला मागत होता सहावा, एक्सेल #REF! म्हणून ओरडत होतं आणि IFERROR नी त्याच्या तोंडावर हात ठेवला होता. कोड सापडला नाही एवढंच झाकायचं असेल तर IFNA आहे, २०१३ पासून, तो #REF! ला हात लावत नाही. पण हेडिंग सापडलं नाही तरी #N/A च येतं, म्हणून या फॉर्म्युल्यावर IFNA पण नको.

ग्वाल्हेरचा मास्तर
ताई, हिरवा त्रिकोण होता. कन्व्हर्ट टू नंबर केलं, एकोणीस मुलं सापडली. दोन अजून राहिलीत, त्यांच्यात त्रिकोण नाहीये.

राजेंद्रनगरची अकाउंटंट
त्या दोघांच्या मागे स्पेस असणार मास्तर. सेलमधे एफ टू दाबून कर्सर कुठे थांबतो बघा.

विजयनगर एमआयएस
करून बघितलं. बिलाची फाइल बंद असताना बडोदेकर म्हणतात तसं झालं, रेटच्या फाइलीत कॉलम घालून सेव्ह केल्यावर XLOOKUP नी शेजारचा आणला. एवढं मानतो. पण एकाच फाइलीत XLOOKUP च सगळ्यात साफ आहे नी ते मी सोडणार नाही. VLOOKUP च्या आत MATCH वाचायला जीव जातो, दुसऱ्याला समजावून सांगा बरं ते.

बडोदेकर
एकाच फाइलीत मी पण XLOOKUP च लावतो. त्यावर भांडण नव्हतंच.

सियागंजवाला
तुम्ही सगळे फाइली पासवर्डनी बंद का नाही करत हे मला अजून कळलं नाही.

राजेंद्रनगरची अकाउंटंट
काका, पासवर्ड ज्याला माहीत असतो तोच कॉलम घालतो. आमच्याकडे तो मालकांच्याच मुलाला माहीत होता. तुम्ही एक करा, मनातलं बाजूला ठेवून. फाइलची कॉपी काढा, बिलाचा टोटल कागदावर लिहा, मग रेट शीटमधे रेटच्या डावीकडे, पण कोडच्या उजवीकडे, एक रिकामा कॉलम घाला. कोडच्याही डावीकडे घातलात तर पूर्ण रेंज सरकते नी काहीच कळणार नाही. टोटल हलला तर तो फॉर्म्युला कच्चा. मग कंट्रोल झेड.

सियागंजवाला
केलं. बिलाचा टोटल एकदम शून्य झाला, कमिशनच्या शीटमधे दोन ठिकाणी मालाच्या रेटच्या जागी वजन आलं. बिलाचं समजू शकतो, शून्य लगेच दिसतं. पण कमिशनमधलं वजन मला दिसलं नसतं, हे खरंय, कारण पाकिटाचं २०० ग्रॅम नी रेट १९८ अशी जोडी होती. ती दोन मी ताईंच्या INDEX नी बदलतो, रेट शीट माझ्या त्याच फाइलमधे आहे. बाकी व्हीलुकअप तसाच राहील, नी नवीन कॉलम माझ्या ऑफिसात उजवीकडेच जोडला जाईल. पण ते 4 च्या जागी MATCH बसवायचं होतं, त्यात शेवटचा शून्य दोनदा का येतो ते कोणी सांगेल का?

बडोदेकर
आतला MATCH चा, बाहेरचा VLOOKUP चा. दोन्ही ठिकाणी "तंतोतंत तेच शोध" असं सांगतो. एक पण गाळू नका काका. बाहेरचा गाळलात नी कोड चढत्या क्रमात नसतील, तर भलत्याच मालाचा रेट येईल आणि तो पण गुपचूप.