प्रतिसाद: गढूळ, पिवळसर पाण्यातलं नायट्राइट

«पाणी गाळलं तरी पिवळसर राहतं. ५४३ नॅनोमीटरला साध्या पाण्याने शून्य लावलं, तर रीडिंग बरोबर येईल का?»

नाही, जास्त येईल. त्याच पाण्याचा ब्लँक लागतो, आणि तोही आम्ल घातलेला. कारण पाला कुजून आलेला पिवळेपणा आम्लात बदलतो, कधी बारीक गढूळपणाही सुटतो; नुसतं गाळलेलं पाणी वजा केलं तर हा बदल हिशेबात येतच नाही. आधी ०.४५ मायक्रॉनच्या, धुतलेल्या मेम्ब्रेनमधून गाळा. मग ५०-५० मिलीचे दोन भाग करा. एकात नेहमीचं २ मिली रिएजंट, दुसऱ्यात तेच फॉस्फोरिक आम्ल आणि सल्फॅनिलमाइड, पण एनईडी न घालता बनवलेलं. एनईडीशिवाय नायट्राइटचा गुलाबी रंग येत नाही, बाकी सगळं सारखंच राहतं. १० मिनिटांनंतर, दोन तासांच्या आत दोन्ही वाचा.

समजा १ सेंमी क्युवेटमध्ये ०.१ मिग्रॅ/लिटर नायट्रोजनचं स्टँडर्ड ०.३४५ देतं, नमुना ०.१८२ आणि त्याचा ब्लँक ०.०६४. फरक ०.११८, म्हणजे ०.०३४ मिग्रॅ/लिटर नायट्रोजन. ब्लँक विसरलात तर ०.०५३ लिहून बसाल. (नायट्राइट म्हणून द्यायचं तर ३.२८ ने गुणा, इथे बरेच घसरतात.)

पण ब्लँक फक्त रंग वजा करतो. पाण्यातलं काही रंग तयारच होऊ देत नसेल, तर ते त्यात दिसणार नाही. त्यासाठी तिसऱ्या ५० मिलीत रिएजंटआधी ५ मिग्रॅ/लिटर नायट्रोजनच्या स्टँडर्डचे ०.५ मिली घाला. हिशेबात वाढ ०.०५ मिग्रॅ/लिटरच्या आसपास हवी. ०.०३ च आली, तर नमुना पातळ करून पुन्हा करा.