मदत हवी आहे: अंतिम वर्षाच्या मॉक इंटरव्ह्यूची सूचना कशी लिहू?

नवा_प्राध्यापक

आमच्या विभागाच्या प्लेसमेंटचं काम यंदा माझ्याकडे आलंय. अंतिम वर्षात 64 विद्यार्थी आहेत. मॉक इंटरव्ह्यूसाठी दोन दिवस मिळालेत आणि तीन खोल्या. सूचनेचा मसुदा असा केलाय:

"अंतिम वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, दोन दिवस मॉक इंटरव्ह्यू आयोजित करण्यात आले आहेत. पॅनेलमध्ये तज्ज्ञ असतील. प्रत्येकास 15 मिनिटांचा स्लॉट मिळेल. विद्यार्थ्यांनी योग्य तयारीनिशी, फॉर्मल पोशाखात उपस्थित राहावे."

काहीतरी कमी वाटतंय, पण काय ते नेमकं कळत नाही. अनुभवी मंडळींनी सांगावं.

मागचा_बाक

सर, मी स्वतः अंतिम वर्षाला आहे. अशी सूचना आली की आमच्या ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, "याचे मार्क धरणार का?" दुसरा, "आला नाही तर चालेल का?" दोन्हींची उत्तरं तुमच्या मसुद्यात नाहीत. आणि "योग्य तयारी" म्हणजे काय, ते कुणालाच माहीत नसतं.

चहा_आणि_रेझ्युमे

15 मिनिटं पुरेशी आहेत. खऱ्या मुलाखतीतही पहिल्या पाच मिनिटांत मत बनलेलं असतं. 64 गुणिले 15 म्हणजे 16 तास, तीन खोल्यांत वाटले तर प्रत्येकी साडेपाच तासही नाहीत. एका दिवसात काम उरकेल, उगाच वाढवू नका.

पॅनेलवाली

गेली काही वर्षं हे काम करते आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

15 मिनिटांचा हिशेब कागदावर जमतो, खोलीत जमत नाही. फक्त ओळख आणि चार साधे प्रश्न एवढंच असेल तर 15 मिनिटं चालतील, इथपर्यंत वरचं म्हणणं बरोबर आहे. पण प्रोजेक्टवर बोलणं सुरू झालं की विद्यार्थी मोकळा व्हायलाच सात-आठ मिनिटं जातात. मग अभिप्राय द्यायला वेळ उरत नाही. "ठीक होतं, आत्मविश्वास वाढव" एवढं ऐकून तो बाहेर पडतो आणि अख्खी मुलाखत फुकट जाते. शिवाय दर मुलाखत दोन-तीन मिनिटं लांबली तरी दुपारपर्यंत अर्ध्या तासापेक्षा जास्त उशीर साचतो, आणि त्याचा फटका शेवटच्या मुलांना बसतो.

मी 30 मिनिटं धरते. त्यात 20 मुलाखत, 7 तोंडी अभिप्राय आणि 3 मिनिटं नोंद लिहून पुढच्याला आत बोलवायला. सलग तीन मुलाखतींनंतर पॅनेलला विश्रांती द्यायची. दहा ते साडेअकरा, पावणेबारा ते सव्वा, जेवणानंतर दोन ते साडेतीन. दिवसाला एका पॅनेलच्या नऊ. तुमची तीन पॅनेल आणि दोन दिवस, म्हणजे 54.

आता म्हणाल, मुलं तर 64. त्यासाठी आधी विचारा की नोकरीच्या मुलाखतीला खरंच कोण बसणार आहे. पुढे शिकायला जाणारे किंवा स्पर्धा परीक्षा देणारे यातून आपणहून बाजूला होतात. त्यानंतर किती उरतात?

नवा_प्राध्यापक

आजच वर्गात हात वर करायला सांगितले. 47 जण.

पॅनेलवाली

मग जमलं. प्रत्येक पॅनेलचा दिवसातला शेवटचा स्लॉट रिकामा ठेवा. असे सहा होतात, म्हणजे वाटायला 48 राहिले. 47 मुलं त्यात बसली. कुणाची त्याच दिवशी परीक्षा निघाली, कुणी आजारी पडलं, एखादी मुलाखत लांबली, तर ते सहा उपयोगी पडतील.

स्लॉटसाठी "आधी येईल त्याला आधी" करू नका. तयारीची मुलं सोयीच्या वेळा पटकावतात आणि ज्यांना सरावाची सगळ्यात जास्त गरज असते ती शेवटपर्यंत नावच घालत नाहीत. वेळा तुम्हीच वाटा आणि अदलाबदलीला एक दिवस द्या. ज्यांची खरी मुलाखत जवळ आली आहे त्यांना पहिल्या दिवशी घ्या.

तोतरा_पण_बोलका

इथे विचारणं योग्य आहे का माहीत नाही. मी बोलताना अडखळतो. 20 मिनिटांत माझं अर्धंच होईल. हे पॅनेलला आधी सांगावं का?

पॅनेलवाली

@तोतरा_पण_बोलका, आमच्याकडे फॉर्ममध्ये "जास्त वेळ किंवा दुसरी काही सोय हवी आहे का" अशी ओळ असते. कारण लिहायची सक्ती नाही. अशा विद्यार्थ्याला आम्ही विश्रांतीच्या अगदी आधीचा स्लॉट देतो, म्हणजे घड्याळाची घाई होत नाही. खऱ्या मुलाखतीत सांगायचं की नाही हा सर्वस्वी तुमचा निर्णय. मॉकमध्ये मात्र दोन्ही करून बघता येतं.

@नवा_प्राध्यापक, पॅनेलबद्दल. "तज्ज्ञ असतील" वाचून मुलं घाबरतात. प्रत्येक पॅनेलमध्ये एक प्राध्यापक आणि एक माजी विद्यार्थी, एक विचारेल आणि दुसरा नोंद करेल, असं सरळ लिहा. ज्याचा प्रोजेक्ट गाइड ज्या पॅनेलवर असेल, त्याला तिथे पाठवू नका. गाइडला उत्तर ठाऊक असतं, तो नकळत वाक्य पुरं करून देतो. आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या माजी विद्यार्थ्यांना आधी समजवा. स्वतःला विचारलेला सगळ्यात अवघड प्रश्न पुढच्याला विचारायची त्यांना फार हौस असते!

मागचा_बाक

आणि तयारी, मॅडम? आम्ही बहुतेक जण रात्री बसून "स्वतःबद्दल सांगा"चं उत्तर पाठ करतो.

पॅनेलवाली

पाठ केलेलं तिसऱ्या वाक्यातच ओळखू येतं. मध्ये एक प्रश्न टाकला की गाडी पहिल्यापासून सुरू होते.

सूचनेत तयारीचं एकच काम द्या, पण नेमकं. रेझ्युमेतला एक प्रोजेक्ट निवडा आणि त्यात मी स्वतः काय केलं, दुसरा कोणता पर्याय होता आणि तो का सोडला, कुठे अडलं, हे तोंडी सांगून बघा. उदाहरण देते. वाचनालयातल्या जागा आरक्षित करायचं ॲप केलेला एक मुलगा होता. विचारलं, दोघांनी एकाच क्षणी एकच जागा निवडली तर? तो म्हणाला, "आम्ही डेटाबेस वापरलाय." एवढंच. त्याच टीममधली मुलगी म्हणाली, "जागा आणि वेळ या जोडीवर युनिकची अट लावली आहे, त्यामुळे दुसरी नोंद नाकारली जाते. आधी फक्त स्क्रीनवर तपासत होतो, तेव्हा एकाच जागेवर दोन नावं पडायची." प्रोजेक्ट एकच, पण काम कुणी केलंय ते लगेच कळलं.

रेझ्युमे एक पानाचा, PDF, दोन दिवस आधी मागवा. पॅनेलने तो मुलाखत चालू असताना वाचायला घेतला तर पहिली पाच मिनिटं तिथेच जातात.

नवा_प्राध्यापक

मसुदा पुन्हा लिहिला:

"नोकरीच्या मुलाखतीला बसणाऱ्या 47 विद्यार्थ्यांसाठी मॉक इंटरव्ह्यू आहेत. याचे गुण धरले जाणार नाहीत. प्रत्येकाला 30 मिनिटं: 20 मुलाखत, उरलेल्यात अभिप्राय आणि नोंद. पॅनेलमध्ये एक प्राध्यापक आणि एक माजी विद्यार्थी असेल, तुमचा गाइड नसेल. वेळ आम्ही देऊ, बदल हवा असल्यास यादी लागल्यापासून एका दिवसात कळवा. येता येणार नसेल तर आदल्या संध्याकाळपर्यंत सांगा, राखीव वेळ देऊ. एक पानाचा रेझ्युमे PDF करून दोन दिवस आधी पाठवा. त्यातल्या एका प्रोजेक्टबद्दल तुम्ही काय केलं, कोणता पर्याय का सोडला, कुठे अडलं हे बोलून बघा. जास्त वेळ किंवा सोय हवी असल्यास फॉर्ममध्ये लिहा."

पोशाखाचं काढलंय.

चहा_आणि_रेझ्युमे

पोशाख काढू नका. खरी मुलाखत फॉर्मलमध्येच द्यायची आहे, निदान एकदा त्या बुटांत बसून बघू द्या. आणि गुण नाहीत म्हटल्यावर निम्मे येणार नाहीत, लिहून ठेवा.

पॅनेलवाली

पोशाखाचं पटतं, अर्ध्या ओळीत लिहा. गुणांचं नाही पटत. गुण ठेवले की मुलं येतात, पण सोपा प्रोजेक्ट निवडून येतात.

मागचा_बाक

मॅडम, खरं सांगू? गुण नसतील तर माझ्या ओळखीतले पाच-सहा जण नक्की येणार नाहीत. पण त्यातले दोघं गुण असते तरी आले नसते.