आरओसीवर क्रमवारी लावून वरचे पाच शेअर घ्यावेत का?

सोलापूरकर: वॉचलिस्टमध्ये चाळीस शेअर आहेत. महिनाअखेर 126 सत्रांचा आरओसी, म्हणजे साधारण सहा महिन्यांत भाव किती टक्के बदलला ते, काढायचा, वरचे पाच घ्यायचे, बाकीचे विकायचे. यात कुठे फसेन?

जुना_खेळाडू: आरओसी दोनच भाव बघतो, आजचा आणि 126 सत्रांपूर्वीचा. समजा, शेअर आठवडाभर 240 वर बसलाय. 126 सत्रांपूर्वीही तो 240 होता आणि दुसऱ्याच दिवशी वाईट निकालांमुळे 200 वर आला. मग काल आरओसी शून्य, आज 20 टक्के! शेअर पैशानेही हलला नाही, पण तुमच्या यादीत तो झपकन वर चढतो.

23 मार्च 2020 ला निफ्टी 7610 वर बंद झाला. तिथून सहा महिने मोजले, तर 100 चा 50 होऊन 75 वर आलेला शेअर 50 टक्के दाखवतो. 100 चा 80 होऊन 110 वर गेलेला 37.5 टक्केच. पहिला अजून पडझडीआधीच्या भावालाही पोचलेला नाही, तरी यादीत वर तोच.

धडाका: म्हणून 20 सत्रांचा घ्या. मार्चचं भूत आपोआप उतरतं.

जुना_खेळाडू: उतरतं खरं, पण दुखणं तेच राहतं, फक्त वाईट दिवस लवकर लवकर खिडकीबाहेर पडतात. शिवाय महिनाभरात उधळलेले शेअर पुढच्या महिन्यात बरेचदा थोडे मागे येतात. म्हणूनच 12 महिन्यांचा परतावा मोजताना शेवटचा महिना गाळायची पद्धत पडली. एनएसईचा निफ्टी200 मोमेंटम 30 निर्देशांक तर 6 आणि 12 महिन्यांचा परतावा घेऊन त्याला चढउताराने भागतो. तुम्हाला एवढं नको असेल, तर जुन्या टोकाला एका दिवसाऐवजी आसपासच्या दहा दिवसांची सरासरी धरा.

मेधा_नाशिक: माझ्या शीटमध्ये एक शेअर उणे 48 दाखवतोय. कंपनी तर चांगली आहे. विकू का?

जुना_खेळाडू: आधी बोनस किंवा स्प्लिट झालाय का बघा. 1:1 बोनसनंतर भाव निम्मा होतो आणि शीटमधले जुने भाव तसेच राहिले, की असा आकडा येतो.

करवाला: सगळे आकड्यात अडकलात. दरमहा अदलाबदल म्हणजे नफा अल्पकालीन आणि त्यावर कर 20 टक्के. वर्षभर धरला तर 12.5, तोही सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर. डिलिव्हरीत घेताना-विकताना एसटीटी 0.1 टक्का, तो वेगळा. त्या मोमेंटम निर्देशांकातली फेररचनासुद्धा फक्त जून आणि डिसेंबरमध्ये होते. पहिल्या पाचात आला की घ्या, दहाच्या बाहेर गेला की विका. पाचवरून सहावर घसरला म्हणून कसला विकता?

धडाका: दहापर्यंत थांबलं तर पडणारा शेअर तोवर कापून काढतो.

करवाला: क्रमांक घसरला म्हणजे भाव पडला असं नाही. बाकीचे जास्त धावले असतील.

सोलापूरकर: आणि चाळीसही एकदम पडले तर? पहिले पाच म्हणजे कमी पडलेले पाच. तेव्हाही घ्यायचे?