मदत हवी आहे: इलेक्ट्रॉन ४७ पिकोसेकंदात पडतो की १६? ३ कुठे हरवला?

शेवटचा_बाक
टीवायला आहे, फिजिक्स. पुस्तकात एका ओळीत लिहून टाकलंय की जुन्या नियमांनी गेलं तर हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन साधारण १६ पिकोसेकंदात न्यूक्लियसवर आपटेल. म्हटलं आपणच काढून बघू. लार्मोरचं सूत्र घेतलं

P = q²a²/(6πε₀c³)

त्रिज्या ०.५३ अँगस्ट्रॉम, वेग सेकंदाला २.२ × १०⁶ मीटर, त्यावरून अ‍ॅक्सिलरेशन ९ × १०²² आलं (आकडा बघून आधी वाटलं कॅल्क्युलेटर गंडला) आणि पॉवर आली ४.७ × १०⁻⁸ वॉट, म्हणजे सेकंदाला २.९ × १०¹¹ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. इलेक्ट्रॉनकडे शिल्लक १३.६, भागाकार केला, ४७ पिकोसेकंद. तीनदा करून बघितलं, उत्तर बरोब्बर तिप्पटच येतंय. आणि अजून एक, न्यूक्लियसची ओढ वेगाला काटकोनात असते ना, मग ती काम करतच नाही, तर एनर्जी जाते कुठून?

घाटमाथा
बोरने १९१३ मध्येच सांगितलं की ठरावीक कक्षेत इलेक्ट्रॉन एनर्जी सोडत नाही, त्यामुळे पडायचा प्रश्नच येत नाही. कशाला डोकं फोडतोस?

शेवटचा_बाक
दादा ते माहितीये, पण मी बोरच्या आधीचं गणित विचारतोय :)

पाटीपेन्सिल
सोप्पंय, तू पॉवर कायम धरलीस. आत जाताना ती वाढते, म्हणून वेळ कमी लागतो. एनर्जी गेल्यामुळे इलेक्ट्रॉन हळू होत जातो आणि हळू झाला की ओढला जातो.

मोजपट्टी
पाटीपेन्सिल, पहिलं बरोबर, दुसरं उलटं आहे. तो हळू होत नाही, सुटतो! एनर्जी जाते तसा वेग वाढतो, कारण खाली उतरताना पोटेन्शियलमधून जेवढं मिळतं त्यातलं अर्धंच लाटांमधून बाहेर जातं, उरलेलं अर्धं वेगात जमा होतं.

आणि बाक, तुझी खरी चूक त्या 'शिल्लक' शब्दात आहे. १३.६ ही काही बँकेतली ठेव नाही जी संपली की खेळ खलास. एकूण एनर्जी -१३.६ आहे आणि ती अजून अजून उणे होत जाते, तळच नाही. तेव्हा एनर्जी संपायची वाट बघू नकोस, त्रिज्या किती वेगाने आटते ते बघ. ओढ 1/r² म्हणून अ‍ॅक्सिलरेशन 1/r², त्याचा वर्ग पॉवरमध्ये, म्हणजे P जाते 1/r⁴ ने. एकूण एनर्जी -k/2r, तिचा वेळेबरोबरचा बदल -P बरोबर मांडलास की

dr/dt = -C/r²

हे सोडवलं की r³ = r₀³ - 3Ct, आणि पडायचा वेळ r₀³/3C. तुझं ४७ म्हणजे r₀³/C, सुरुवातीचाच वेग शेवटपर्यंत धरल्यासारखं. सापडला तुझा ३.

गंमत म्हणजे हा सुरुवातीचा आत सरकायचा वेग सेकंदाला फक्त १.१ मीटर येतो. फिरतोय २२ लाखाने आणि आत जातोय चालत!

काटकोनाचं म्हणशील तर न्यूक्लियसची ओढ जवळजवळ काटकोनातच, पण लाट सोडताना इलेक्ट्रॉनवर उलटा एक बारीकसा रेटाही बसतो, वेगाच्या विरुद्ध. लार्मोर किती गेलं ते सांगतो, कोणी ढकललं ते सांगत नाही.

इंदूरकर_काका
हे आमच्या इंदूरला रोज चालतं बरं का. इंडस-२ च्या रिंगमध्ये २.५ जीईव्हीचे इलेक्ट्रॉन फिरतात, प्रत्येक फेरीला जवळपास सहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट उडतात आणि आरएफ कॅव्हिटी ते परत भरून देते. तिथे हे साधं सूत्र चालत नाही, रिलेटिव्हिटीचा मोठा गुणक लागतो.

शेवटचा_बाक
१५.६ आलं!! मोजपट्टी, _/\_ पण काका म्हणतात तसं आत गेल्यावर रिलेटिव्हिटी लागेलच की, मग १६ वर विश्वास ठेवायचा का?

मोजपट्टी
वेग प्रकाशाच्या दहाव्या भागाला पोचतो तेव्हा त्रिज्या मूळच्या दोनशेव्या भागाच्या आसपास असते. वेळ r³ ने जातो, म्हणजे तिथून पुढे उरलेला वेळ एकूणच्या कोटीभागाच्या घरात. शेवट चुकला तरी १६ ला धक्का लागत नाही. तोवर दोन लाख फेऱ्या होतात, ते स्वतः काढून बघ.

सोल्डरगन
मधेच विचारतो. मी मोटार वाइंडिंग करतो. कॉइलमध्ये डीसी सोडला तर इलेक्ट्रॉन गोलच फिरतात ना, मग ते का नाही लाटा सोडत?

मोजपट्टी
एकटा असता तर सोडल्या असत्या. वर्तुळावर सारख्या अंतराने पुष्कळ असले की एकमेकांच्या लाटा मारून टाकतात, करंट स्थिर तर लाट जवळजवळ नाहीच.

सोल्डरगन
पण तांब्यात ते सारख्या अंतराने कुठे असतात, धक्के खात जातात की?

इंदूरकर_काका
रास्त आहे. आमच्या रिंगमध्ये तर हे मारून टाकणं होतच नाही, गठ्ठ्यातला प्रत्येक जण आपापला प्रकाश सोडतो. मोजपट्टी, तांब्यात मग नेमकं काय वेगळं?