मुलाखतीनंतर आभाराचा मेल पाठवणं ही लाचारी आहे?

विक्रोळीकर: मुलाखत घेणाऱ्याला त्याच संध्याकाळी आभाराचा मेल पाठवायचा, हे काय नवीन खूळ? तो पगार घेऊनच समोर बसला होता ना? रजा माझी गेली. हे मेल कोणी वाचत नाही, आणि वाचलाच तर माणूस गरजू आहे एवढंच कळतं. मग पगार ठरवताना तेच अंगाशी येतं.

लेखापाल_ठाणे: वाचतात. मी वाचते. लोअर परळच्या एका ऑफिसात अकाउंट्सच्या मुलाखती घेते. दिवसात पाच-सहा जण समोर येऊन जातात. शेरे लिहायला बसते ती संध्याकाळी, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तोवर कोणाचं उत्तर कोणतं याची सरमिसळ झालेली असते. शेरा एकदा एचआरकडे गेला की मी तो पुन्हा उघडत नाही. म्हणून मेल त्याच संध्याकाळी हवा. तीन दिवसांनी आलेल्या मेलचा काही उपयोग नाही.

माणूस गरजू दिसतो तो मजकुरामुळे. एका मुलाला विचारलं होतं, खरेदीची नोंद आपल्याकडे आहे, पण पुरवठादाराचं बिल जीएसटी पोर्टलवर दर महिन्याला येणाऱ्या २बी या यादीत दिसत नाही, काय कराल? तो म्हणाला, पेमेंट रोखून धरू. उत्तर अर्धंच होतं. सातच्या सुमारास त्याचा मेल आला. होता इंग्रजीत, मराठीत साधारण असा:

"मॅडम, आज वेळ दिल्याबद्दल आभार. २बीत न दिसणाऱ्या बिलाबद्दल मी फक्त पेमेंट रोखण्याचं बोललो. बिल तिथे येईपर्यंत त्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट घेता येणार नाही, म्हणून अशा बिलांची वेगळी यादी ठेवून १४ तारखेला नवीन २बी आलं की ताडून बघेन, आणि ते क्रेडिट घेण्याची, आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरची मुदत त्यात लिहून ठेवेन. महिनाअखेरीच्या कामाबद्दल तुम्ही सांगितलंत त्यावरून हे काम करायला आवडेल."

बस, एवढंच. घरची अडचण नाही, पगाराचा विषय नाही, 'निकाल कधी कळेल' नाही. मी त्याच्या शेऱ्यात एक ओळ वाढवली. नोकरी त्याला टॅलीच्या चाचणीमुळे मिळाली, पण माझी एक शंका या मेलने गेली.

मुलुंडचा_मंदार: पाठवावं हे बरोबर, पण मेल कशाला? व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, निळी टिक दिसते. आणि पॅनलमध्ये तिघे असतील तर तोच मजकूर तिघांना.

लेखापाल_ठाणे: नाही हो. तो नंबर एचआरने गेट पास आणि पत्त्यासाठी दिलेला असतो. मुलाखत घेणाऱ्याचा मेल आयडी माहीत नसेल तर बोलावण्याच्या मेललाच उत्तर द्या आणि 'त्यांच्यापर्यंत पोचवा' म्हणा. तिघांना एकच मजकूर गेला तर दुसऱ्या दिवशी चहाला ते आमच्या लक्षात येतंच. ज्याच्याशी खरं बोलणं झालं, त्या एकालाच लिहिलं तरी पुरे.

काकू_गिरगाव: माझा मुलगा सरकारी बँकेच्या मुलाखतीला जातोय. त्यानेही पाठवायचा का?

लेखापाल_ठाणे: अजिबात नको, काकू. त्यांच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं की कोणत्याही प्रकारे वशिला लावला तर उमेदवारी रद्द. तिथे संपर्कच करू नये. मी बोलतेय ते खासगी नोकरीबद्दल.

ऐरोली_लोकल: आभार आम्हीच मानायचे का? एका कंपनीने शनिवार-रविवार बसवून अख्खा मार्केटिंग प्लॅन करून घेतला. नंतर फोन उचलला नाही, नकारसुद्धा कळवला नाही. आधी त्यांना शिष्टाचार शिकवा!

विक्रोळीकर: हेच म्हणतोय मी. नकाराची एक ओळ लिहायला यांचं काय जातं?

मुलुंडचा_मंदार: फुकट प्लॅन दिलात कशाला? नमुना म्हणून दोन पानं द्यायची.

ऐरोली_लोकल: घरी हप्ते थकले की कळेल नमुना काय असतो ते. शहाणपण शिकवू नका.

लेखापाल_ठाणे: भांडू नका. ऐरोली, तुमच्यावर झाला तो अन्यायच. फुकटचं काम करून घेणाऱ्या आणि नकारही न कळवणाऱ्या कंपन्यांची बाजू मी घेणार नाही. आमच्याकडेही कळवायला उशीर होतो आणि मी त्यावरून एचआरशी भांडते. पण ज्या माणसाने तासभर नीट बोलून तुमचं उत्तर ऐकलं, तो आणि फोन न उचलणारा, हे बहुतेक वेळा एकच नसतात.

ऐरोली_लोकल: माझ्या बाबतीत एकच होता.

लेखापाल_ठाणे: मग त्याला लिहू नका.

विक्रोळीकर: ठीक आहे. राहिलेलं उत्तर पूर्ण करायला मेल पाठवणं मला पटतं. पण मुलाखत छान झाली, सांगण्यासारखं काही राहिलंच नाही, तर? नुसत्या 'वेळ दिल्याबद्दल आभार'ला मी तयार नाही.

लेखापाल_ठाणे: तिथे माझाही आग्रह नाही. बोलण्यातली एखादी खरी गोष्ट आठवली तर दोन ओळी लिही, आणि पाठवायच्या आधी बघ, कोणत्याही दुसऱ्या कंपनीला तोच मजकूर चालला असता का. चालला असता तर राहू दे.

विक्रोळीकर: आणि पगाराचं? हातघाईवर आलेला समजून कमी देत नाहीत?

मुलुंडचा_मंदार: देतात, माझ्या भावाला दिला.

लेखापाल_ठाणे: आमच्याकडे पगार एचआर ठरवतं, त्यांना हा मेल दिसतही नाही. छोट्या फर्ममध्ये मालकच मुलाखत घेतो, तिथलं मी सांगू शकत नाही.