मदत हवी आहे: फॉरवर्ड एकटा समोर आला की गोलीनं पुढं कधी यायचं, थांबायचं कधी?

पेठेतला गोली
नमस्कार. वय १९, कोल्हापुरात पेठेतल्या एका संघाकडून गोलकीपर म्हणून खेळतो. लांबचे शॉट, कॉर्नर, उंच बॉल यांत फारसा त्रास नाही. पण डिफेन्स फोडून फॉरवर्ड एकटा आला की माझा हमखास गोल होतो.

परवाच्या मॅचमधला सांगतो. आमची बॅकलाइन बरीच वर चढली होती. मधून थ्रू बॉल पडला आणि त्यांच्या फॉरवर्डनं बॉक्सच्या थोडं बाहेर तो घेतला. मी गोल एरियाच्या रेषेवर होतो, तिथून पळत सुटलो. त्यानं साधारण पेनल्टी स्पॉटजवळून मारला तेव्हा आमच्यात चारेक मीटर अंतर असेल. बॉल जमिनीलगत, माझ्या डाव्या पायाच्या बाजूनं आत. फार जोरातही नव्हता.

त्याआधीच्या मॅचमध्ये उलट केलं होतं, रेषेवरच थांबलो. त्यानं निवांत कोपरा बघून ठेवला.

कोच म्हणतात "पुढं ये, अँगल कमी कर". आमचा जुना गोली म्हणतो "थांब, त्याला ठरवू दे". दोघांचं एकदम कसं ऐकायचं? आणि "मोठा दिस" म्हणतात म्हणून हात वर पसरले, तर बॉल दोन पायांमधून जातो. नेमकं करायचं काय?

डावखुरा
यात अवघड काही नाही. जितका पुढं जाशील तितका गोल झाकला जातो. टॉर्चसमोर हात धरून बघ, हात टॉर्चच्या जवळ नेला की भिंतीवरची सावली मोठी होते. थ्रू बॉल पडला की डोकं खाली घालून सुटायचं आणि त्याच्या अंगावर जायचं. घाबरून थांबलास की संपलं. मी फॉरवर्ड खेळायचो, अंगावर येणाऱ्या गोलीचीच भीती वाटायची.

नानू
माझ्या मते सगळा खेळ डोक्याचा आहे. २०२२ च्या वर्ल्ड कप फायनलला एमिलियानो मार्टिनेझनं काय केलं आठवतंय ना? त्शुआमेनी मारायला आला तर यानं बॉलच लांब फेकून दिला. तो गडबडला आणि बाहेर मारला. समोरच्याला विचलित करायला शीक, बाकी आपोआप होतं.

अण्णा क.
नानू, ते पेनल्टीचं झालं. तिथं बॉल जागेवर असतो आणि गोली रेषेला बांधलेला असतो. हा विचारतोय पळत्या बॉलचं. त्याच फायनलमधला दुसरा सेव्ह बघायला सांगा त्याला, १२०+३ व्या मिनिटाचा कोलो मुआनीचा. त्यावर पुढं येतो.

आधी तुझा गोल बघू. मी बरीच वर्षं गोली होतो, आता पोरांना शिकवतो, म्हणून जरा हिशेब मांडतो. गोल ७.३२ मीटर रुंद. बॉल पेनल्टी स्पॉटवर, म्हणजे ११ मीटरवर, आणि समोरासमोर. बॉलपासून दोन्ही खांबांकडे दोन दोऱ्या ताणल्या आहेत असं समज. तू रेषेवर असशील तर तुला पूर्ण ७.३२ झाकायचे. तू बॉलपासून चार मीटरवर असशील, तर त्या दोऱ्यांमधलं अंतर तुझ्या जागी ७.३२ चे चार-अकरांश, म्हणजे साधारण २.६६ मीटर. मध्यभागी उभा असशील तर प्रत्येक बाजूला एक मीटर तेहेतीस सेंटिमीटर. नीट उभा असलेला गोली एक पाय लांबवून, हात खाली सोडून तेवढं जवळपास झाकतो.

म्हणजे तू चुकीच्या ठिकाणी नव्हतास. कोचचं ऐकून जिथं पोहोचायला हवं, तिथं पोहोचला होतास. पण तू पळत होतास. पळताना एक पाय हवेत असतो आणि सगळं वजन दुसऱ्यावर. ज्या पायावर वजन आहे तो पाय बाजूला टाकताच येत नाही. बॉल तुझ्या डाव्या पायाच्या बाजूनं गेला, फार जोरात नव्हता, तरी तुला हलता आलं नाही. पैज लावतो, त्या क्षणी वजन डाव्यावर होतं.

त्यामुळं कोच आणि जुना गोली दोघंही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या क्षणांबद्दल बोलतायत. बॉल त्याच्या पायापासून सुटलेला असतो तेव्हा पुढं यायचं. पाय परत बॉलवर येऊ लागला की थांबायचं.

डावखुरा
म्हणजे मी म्हटलं तेच ना, पुढं यायचं.

अण्णा क.
अर्धं तेच. अँगलचं तुमचं बरोबर, पण "डोकं खाली घालून" नाही. अंगावर सुटलेल्या गोलीला फॉरवर्ड एक टच बाजूला देतो आणि वळसा घालून जातो. गोली वेगात असल्यानं त्याला वळता येत नाही. शिवाय बॉल टप्पा घेत असेल तर डोक्यावरून चिप. फॉरवर्ड बॉक्सच्या बाहेर आहे, तुम्ही दहा मीटर पुढं आलात आणि मध्ये अजून बरीच जागा आहे, तर मागं उघडा गोल आहे हे त्यालाही दिसतं. तुम्ही स्वतः अशा गोलींना किती वेळा वळसा घातलात, आठवा.

डावखुरा
बरेच 🙂

पेठेतला गोली
अण्णा, डाव्या पायाचं पटलं. पण मॅचमध्ये "बॉल सुटला" हे कळायचं कसं? सगळं दोन सेकंदांत होतं.

अण्णा क.
त्याच्या पायाकडं नको, बॉलकडं बघ. तीन गोष्टी दिसतात.

टच लांब पडला आणि त्याला तो गाठायला तीन-चार पावलं पळावं लागणार असेल, तर तेवढ्यात तू पूर्ण वेगानं अंतर खायचं. तो मारू शकत नाही, कारण बॉल त्याच्याजवळ नाही. हा बॉल तू आधी गाठशील असं दिसलं तर थांबायचंच नाही, आडवं होऊन दोन्ही हातांनी उचलायचा.

टच जवळ पडला, म्हणजे पुढच्याच पावलाला तो मारू शकतो, तर छोटी छोटी पावलं. जमिनीपासून पाय फार उचलायचे नाहीत.

आणि त्याची मान खाली गेली, टेकवायचा पाय बॉलशेजारी पडू लागला, की तू जिथं असशील तिथं थांबायचं. अजून दोन मीटर पुढं गेलो असतो तर बरं, असं वाटलं तरी. दोन्ही पाय जमिनीवर, खांद्यांपेक्षा थोडे रुंद, वजन चवड्यांवर. बरेच गोली इथं एक उडी मारतात आणि बॉल सुटतो तेव्हा हवेत असतात. ती उडी आधी संपली पाहिजे.

आता "मोठा दिसणं". चार मीटरवरून बॉल ताशी ७२ किलोमीटरनं आला, म्हणजे सेकंदाला वीस मीटर, तर तुला मिळतो ०.२ सेकंद. एवढ्यात बघून हात नेणं जमत नाही. म्हणून अंग आधीच वाटेत हवं. आणि इतक्या जवळून बहुतेक शॉट गुडघ्याखाली येतात, त्यामुळं हात वर पसरणं वाया. हात खाली, शरीराच्या जरा पुढं, तळवे बॉलकडं, छाती पुढं झुकलेली. पायांमधल्या फटीची काळजी हातांनी घ्यायची.

बॉल दोन मीटरच्या आत आला तर गोष्ट वेगळी. तिथं एक गुडघा आत वळवून जमिनीकडं न्यायचा, दुसरा पाय बाहेर लांबवायचा, धड सरळ. फट बंद होते. याला के-ब्लॉक म्हणतात. चार मीटरवरून हे केलंस तर खाली बसून स्वतःला अडकवून घेतोस आणि तो वरून टाकतो.

कोलो मुआनीचा शॉट बघ. मार्टिनेझ पुढं आला, पण बॉल खाली येईपर्यंत थांबून उभा राहिला आणि मग डावा पाय पसरला. हाताचा संबंधच नव्हता. २०१० च्या फायनलला कासियासनं रॉबेनचा अडवला तोही पायानंच. तिथं मात्र अंग आधीच एका बाजूला झुकलं होतं, मागं राहिलेल्या पायानं वाचवलं. मी पोरांना मार्टिनेझचा दाखवतो, कासियासचा नाही.

केतकी
अण्णा, एक विचारू? माझी मुलगी ११ वर्षांची आहे, तीही गोलकीपर. तिला हे सगळं आत्ताच शिकवायचं का? फॉरवर्ड आला की ती डोळे मिटून त्याच्या पायाशी झोकून देते. कोच शाबासकी देतात, पण मला तिच्या तोंडाची काळजी वाटते.

अण्णा क.
केतकीताई, के-ब्लॉक वगैरे आत्ता नको. पायाशी जायचंच असेल तर तोंड पुढं न करता आडवं, हात आधी बॉलवर, डोकं हातांच्या मागं. डोळे मिटतात म्हणजे बॉल दिसत नाही, आधी तेवढंच सुधारा. जमिनीवर ठेवलेला बॉल आडवं होऊन पकडणं, मग हळू सरकणारा बॉल, फॉरवर्ड सगळ्यात शेवटी.

सुहास_ठाणे
मी रविवारी टर्फवर खेळतो. आमच्याकडं तर गुडघा टेकून बसलं की बहुतेक बॉल अंगावरच लागतो. अण्णांचं चार मीटरवालं मला पटत नाही.

अण्णा क.
टर्फवरचा गोल लहान असतो, उंचीलाही कमी. तिथं तुमचं बरोबर. २.४४ मीटर उंचीच्या गोलात बसून बघा.

माजी स्टॉपर
डिफेन्सच्या बाजूनं एक. मागून पळणाऱ्या डिफेंडरनं टॅकलच्या नादी लागू नये. एका बाजूनं चिकटून पळावं, म्हणजे फॉरवर्डला ती बाजू बंद होते आणि गोलीला उरलेली बाजू सांभाळता येते. हे दोघांनी आधी ठरवायला हवं.

आणि कार्डाचं विसरू नका. बॉक्समध्ये गोली बॉलसाठीच गेला पण पाय लागला, तर पेनल्टी आणि पिवळं. बॉक्सच्या बाहेर तशी स्पष्ट संधी मोडली तर लाल. म्हणून थ्रू बॉल बॉक्सबाहेर पडला तर "पोहोचेनच" अशी खात्री हवी.

अण्णा क.
बाजू बंद करण्याचं सोळा आणे. फक्त कोणती बाजू, यावर माझं आणि माझ्या जुन्या स्टॉपरचं कधी जमलं नाही. तो म्हणायचा फॉरवर्डचा भारी पाय बंद करू. मी म्हणायचो लांबचा खांब बंद कर, जवळचा माझ्याकडं.

माजी स्टॉपर
मी तुमच्या स्टॉपरच्या बाजूनं.

पेठेतला गोली
सराव कसा करू? आमच्याकडं गोलीसाठी वेगळा कोच नाही.

अण्णा क.
एक लांब दोरी घे, दोन्ही टोकं दोन खांबांना बांध आणि मधोमध बॉलजवळ खुंटीला अडकव. मित्राला बॉल वेगवेगळ्या जागी ठेवायला सांग. तू दोऱ्यांच्या मध्ये उभा राहा आणि दोन्हीकडं सारखं अंतर आहे का बघ. बाजूच्या कोनातून बॉल आला की गोली जवळच्या खांबाची बाजू उघडी टाकतात, ते लगेच दिसतं.

मग दोरी काढून मित्राला २० मीटरवरून पळवत आणायला लाव, टच मुद्दाम कधी लांब, कधी जवळ. फोन गोलमागं जाळीला बांधून शूट कर. घरी जाऊन पाय बॉलला लागतो तिथं व्हिडिओ थांबव आणि एकच बघ, तुझे दोन्ही पाय जमिनीवर आहेत का. गोल झाला की वाचला ते सध्या मोजू नको.

पेठेतला गोली
परवाच्या मॅचचा व्हिडिओ एकाकडं होता, मागवला. बाजूनं काढलाय, तरी दिसतंय. उजवा पाय हवेत, वजन डाव्यावर. पैज जिंकलात.

एक शंका राहिली. आमचं मैदान कडक आहे, वरून बारीक खडी. के-ब्लॉकला गुडघा टेकवला की सोलून निघतो. पॅड घालून हालचाल मंदावते का?

अण्णा क.
पातळ घाल, पँटच्या आतून. पण खरं सांगू, अशा मैदानावर मी गुडघा पूर्ण टेकवतच नव्हतो, जमिनीपासून चार बोटं वर ठेवायचो. काही कोच याला चूक म्हणतात, तेवढ्या फटीतून बॉल जातो म्हणून. इथं कुणी सध्या खडीवर खेळणारा गोली असेल तर त्यानं सांगावं.