दारात बोट सापडून नखाखाली रक्त साकळलंय, काढावं लागेल का? (नाशिक) – मदत हवी आहे

गोदाकाठची
माझ्या भावाचं, वय ३४, डाव्या हाताचं मधलं बोट काल रात्री दहाच्या सुमारास घराच्या लोखंडी सेफ्टी डोअरमध्ये सापडलं. वाऱ्याने दार धाडकन आपटलं. आम्ही पाथर्डी फाट्याजवळ राहतो. रात्री नखाखाली लालसर डाग होता, आता सकाळी आठ वाजता नखाचा दोन तृतीयांश भाग जांभळा-काळा झालाय. बोट जोरात ठणकतंय, हात खाली सोडला की ठणका वाढतो. रात्रभर झोप नाही. आईने हळद-चुन्याचा लेप लावला होता, तो धुऊन टाकला. शेजारचे काका म्हणतात, सुई लाल करून नखाला भोक पाडा, दोन मिनिटांत आराम पडतो. तो अंबडला सीएनसी मशीनवर काम करतो, दुपारची शिफ्ट आहे. रक्त आपोआप जिरेल की काढावंच लागेल?

कॅज्युअल्टी_ड्यूटी
ताई, डाग किती मोठा आहे यावरून निर्णय होत नाही, ठणका किती आहे यावरून होतो. नख वरून कडक, खाली हाड, मध्ये रक्त. त्याला पसरायला जागाच नाही, म्हणून हृदयाच्या ठोक्याबरोबर ठणकतं. दुखत नसेल तर अख्खं नख काळं झालं तरी हात लावायची गरज नसते, ते नखाबरोबर वाढत पुढे सरकून निघून जातं. पण झोप उडवणारा ठणका असेल, तर भोक पाडून रक्त काढण्याचा फायदा स्पष्ट आहे, आणि तो पहिल्या एक-दोन दिवसांतच. नंतर रक्त गोठतं, मग भोक पाडूनही फारसं काही येत नाही.

आधी चार गोष्टी बघून सांगा. नखाच्या कडा जागच्या जागी आहेत, की मुळाशी नख उचकटून कातडीच्या वर आलंय? नखाला किंवा आजूबाजूच्या कातडीला चीर आहे का? बोटाचं शेवटचं पेर तो स्वतः सरळ करू शकतो का? बोटाच्या टोकाला स्पर्श कळतो का? आणि बोटात अंगठी असेल तर आत्ताच काढा, सूज वाढली की निघणार नाही.

पंचवटीचा_काका
अर्ध्यापेक्षा जास्त नख काळं झालं असेल तर नख काढावंच लागतं. खालची गादी फाटलेली असते, तिला टाके घातले नाहीत तर नवीन नख वाकडं येतं. भोक पाडून भागत नाही. लगेच सर्जनकडे न्या.

गोदाकाठची
डॉक्टर, नख जागेवर आहे, कडा घट्ट आहेत. कातडीला चीर नाही. पेर सरळ करतो, दुखतं पण होतं. टोकाला स्पर्श कळतो. अंगठी नव्हती. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत नाही, शुगर नाही. काका म्हणतात तसं नख काढायचं का, या विचाराने तो घाबरलाय.

कॅज्युअल्टी_ड्यूटी
काका, तुमचा नियम एके काळी खरंच वापरात होता. मोठा डाग म्हणजे गादी फाटलेली असणार, हा त्यामागचा तर्क, आणि बऱ्याचदा ती थोडी फाटलेली असतेही. पण नख जागेवर घट्ट असेल तर तेच वरून बांधलेल्या फळीसारखं काम करतं आणि गादी खाली आपोआप जुळते. अशा बोटांत नख काढून टाके घातल्याने नवीन नख जास्त चांगलं आल्याचं दिसलेलं नाही. नख उचकटलेलं असेल, कडेपर्यंत चीर असेल किंवा हाड सरकलं असेल, तर मात्र तुमचं बरोबर आहे, तिथे नख उचलून बघावं लागतं.

ताई, तुमच्या भावाचं नख काढायचं नाही. आधी एक्स-रे, मग भोक. दारात चेमटलेल्या बोटात शेवटच्या हाडाच्या टोकाला तडा असणं अगदी नेहमीचं आहे. त्र्यंबक नाक्याच्या सिव्हिलमध्ये किंवा घराजवळच्या, एक्स-रे असलेल्या कुठल्याही हॉस्पिटलमध्ये होईल. बोटाचाच समोरून आणि बाजूने एक्स-रे मागा, अख्ख्या हाताच्या फोटोत बारीक तडा निसटतो. तोवर हात छातीच्या वर धरून ठेवा आणि पोटात काही असेल तर पॅरासिटामॉल ६५० ची एक गोळी द्या. अ‍ॅस्पिरिन नको.

सातपूरकर
घरी सुई तापवून करण्यात नेमकं चुकतं काय? कंपनीच्या फर्स्ट-एडमध्ये जुने लोक सर्रास करायचे.

कॅज्युअल्टी_ड्यूटी
तत्त्व तेच आहे. नखाला स्वतःला संवेदना नाही, त्यामुळे भोक पाडताना ते भाजल्याचं जाणवत नाही, आणि तापलेलं टोक खालच्या रक्ताला लागलं की थंड होतं. दवाखान्यात आम्ही बॅटरीवरचा कॉटरीचा पेन वापरतो किंवा जाड १८ नंबरची सुई. सुई असेल तर दाबायची नाही, दोन बोटांत धरून गिरमिटासारखी मागेपुढे फिरवायची. नखाचा भुगा निघत जातो आणि अचानक अडथळा संपल्यासारखा वाटतो. तिथेच थांबायचं. पहिला काळा थेंब वर आला की पेशंटचा चेहरा बदलतो.

घरी तीन गोष्टी बिघडतात. गॅसवर धरलेल्या सुईला काजळी चढते आणि नखापर्यंत नेईतो ती अर्धी थंड होते, मग माणूस जोर लावतो आणि सुई थेट गादीत जाते. गादीला भरपूर संवेदना आहे. दुसरं, शिवणाच्या सुईचं भोक इतकं बारीक असतं की एक थेंब येऊन ते गोठून बंद होतं आणि दोन तासांत ठणका परत. भोक तीन-चार मिलिमीटरचं हवं, नाहीतर शेजारी शेजारी दोन. तिसरं, एक्स-रे न काढता आपण आत काय उघडतोय ते कळतच नाही.

आणि हो, बोट स्पिरिटने पुसलं असेल तर ते पूर्ण वाळल्याशिवाय कॉटरी लावायची नाही, स्पिरिट पेट घेतं. कृत्रिम नखं चिकटवलेली असतील तर कॉटरी नकोच, तीही पेटतात.

धावपटू_४२
माझ्या पायाच्या अंगठ्याचं नख महिनाभर काळं आहे. दार वगैरे काही लागलं नाही, बूट जरा घट्ट आहेत, दुखत नाही. मीही भोक पाडून घेऊ का?

कॅज्युअल्टी_ड्यूटी
नाही दादा, महिन्याचं रक्त गोठलेलं असणार आणि दुखतही नाही, भोक पाडून काय मिळणार. मुळाकडे डाग संपतो तिथे नखावर बारीक खूण करा. रक्त असेल तर ते खुणेबरोबर पुढे सरकत जातं आणि मागून स्वच्छ नख येतं. पायाचं नख फार सावकाश वाढतं, दोन-तीन महिने वाट बघावी लागेल. डाग जागचा हलला नाही, मुळापासून टोकापर्यंत काळी पट्टी दिसली किंवा रंग शेजारच्या कातडीत उतरला, तर त्वचारोगतज्ज्ञांना लवकर दाखवा, ते रक्त नसू शकतं.

निफाडची_आई
माझी मुलगी सात वर्षांची आहे. तीन दिवसांपूर्वी गाडीच्या दारात तिचं बोट आलं. नख काळं आहे आणि मुळाशी ते कातडीच्या वर आल्यासारखं दिसतंय, दुसऱ्या हाताच्या नखापेक्षा लांब वाटतं. पेर थोडं वाकलेलं आहे. दुखणं मात्र कमी झालंय, म्हणून थांबलोय.

हाडांचा_माणूस
ताई, यात थांबू नका, आजच हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. मुलांच्या बोटाच्या हाडात वाढीची जागा नखाच्या मुळाखालीच असते. तिथे मोडलं की नख मुळातून उचकटून वर येतं, म्हणून लांब दिसतं, आणि गादीचा तुकडा फटीत अडकतो. ही उघडी जखम आहे, वरून कितीही साधी दिसली तरी. एक्स-रे बाजूने काढलेला हवा, समोरच्या फोटोत हे बऱ्याचदा दिसतच नाही. उशीर झाला तर हाडाला जंतुसंसर्ग होतो आणि बोटाची वाढ बिघडते. दुखणं कमी झालं यावर जाऊ नका.

गोदाकाठची
एक्स-रे झाला. टोकाला बारीक तडा आहे, हाड सरकलेलं नाही. तिथले डॉक्टर म्हणाले, तडा असताना भोक पाडायचं की नाही यावर मतं वेगळी आहेत, तुम्ही ठरवा. आता आम्ही काय ठरवणार?

हाडांचा_माणूस
मी असतो तर जरा थांबलो असतो. भोक पाडलं की बंद तडा बाहेरच्या हवेशी जोडला जातो. गोळ्या आणि हात वर ठेवून रात्र काढता येत असेल, तर मी हात लावत नाही.

कॅज्युअल्टी_ड्यूटी
मी काढलं असतं. हाड सरकलेलं नाही, नख घट्ट आहे, आणि तो गोळीनेही झोपू शकत नाहीये. स्वच्छ पद्धतीने केलं तर अशा बोटात जंतुसंसर्ग क्वचितच होतो. अँटिबायोटिक सगळ्यांनाच द्यायची गरज नाही, मात्र पुढचे दिवस नीट लक्ष ठेवावं लागतं. सरांचं म्हणणं चूक नाही, ज्याच्या त्याच्या अनुभवाचा प्रश्न आहे. भावाला विचारा, आज रात्री असंच सहन होईल का?

गोदाकाठची
त्याने काढायला सांगितलं. कॉटरीने दोन भोकं पाडली, इंजेक्शन देऊन बोट बधिरही केलं नाही. काळं रक्त आलं आणि पाचच मिनिटांत ठणका जवळजवळ गेला. टोक धडकू नये म्हणून छोटी पट्टी बांधली आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते त्याला आठवत नव्हतं, म्हणून तेही दिलं. आता घरी काय करू?

ड्रेसिंगवाली_सिस्टर
ताई, एक-दीड दिवस त्या भोकांतून रक्त झिरपत राहील, ते चांगलंच आहे. वर कोरडं गॉज ठेवा, मलम लावू नका, मलमाने भोक बुजतं. गॉज वाळून चिकटला तर ओढू नका, सलाईनचे दोन थेंब टाका, सुटून येतो. पहिले दोन दिवस बोट पाण्यात बुडवू द्यायचं नाही, आंघोळीला हातावर प्लॅस्टिकची पिशवी. रात्री हात उशीवर. ठणका परत आला, बोट लाल-गरम झालं, पू दिसला किंवा लाली मनगटाकडे सरकायला लागली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

दोन-चार आठवड्यांत जुनं नख सैल होऊन पडू शकतं. पडलं नाही तर उपटू नका, अडकत असेल तर तेवढीच कड कापा. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, त्यामुळे पूर्ण नवीन यायला चार ते सहा महिने. पहिलं नख थोडं खडबडीत आलं तरी घाबरू नका.

सातपूरकर
आणि मशीनचं कूलंट? ते पाण्यापेक्षा वाईट, दिवसभर तेच फिरतं आणि त्यात जंतूही वाढतात. रबरी ग्लोव्ह घालून चालेल, असं सुपरवायझर म्हणेल, पण फिरत्या चकजवळ ग्लोव्ह चालतच नाही, हात ओढला जाईल.

ड्रेसिंगवाली_सिस्टर
बरोबर, ग्लोव्हचा उपाय तिथे नकोच. भोकं बंद होऊन झिरपणं थांबेपर्यंत मशीनवर नको, तपासणीचं कोरडं काम मागा. तड्यासाठी किती दिवस लागतील ते हाडांच्या डॉक्टरांनीच सांगावं.

गोदाकाठची
आजची शिफ्ट सोडली. आठ दिवसांनी परत बोलावलंय. सर्टिफिकेटवर "हलकं काम" लिहून आणलंय, कंपनी मान्य करते का बघू. निफाडच्या ताई, तुमच्या मुलीचं काय झालं?